एस५ ते एस७ : जुन्या पीएलसी प्रोग्रॅमचे स्थलांतर

पीएलसी, म्हणजे मशीनचे नियंत्रण करणारा प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, कालबाह्य झाल्यावर त्यावरील प्रोग्रॅम नव्या पीएलसीवर नेणे, त्यातील प्रत्येक ॲड्रेसची नव्या जागेशी जोडणी लावणे आणि मशीन पूर्वीसारखेच चालते याची पुन्हा चाचणी घेणे, या कामाला पीएलसी स्थलांतर किंवा मायग्रेशन म्हणतात. पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण पट्ट्यातील वाहन-सुटे भागांच्या कारखान्यांत जुनी एसपीएम, म्हणजे एकाच कामासाठी बांधलेली स्पेशल पर्पज मशीन, अजून चालू आहेत. त्यांचे लोखंड धडधाकट असते, पण पॅनलमधला पीएलसी बाजारातून गेलेला असतो. या नोंदीत सीमेन्सच्या सिमॅटिक एस५ घराण्यातील एस५-११५यू वरून एस७-१५०० वर जाण्याचा विचार केला आहे. एस५ मालिका १९७९ मध्ये आली, एस७ मालिका १९९०च्या दशकाच्या मध्यावर. दोन्ही एकाच कंपनीच्या असल्याने काम सोपे वाटते. फसगत नेमकी तिथेच होते, कारण भाषा सारखी दिसते आणि मोजमाप वेगळे असते.

प्रोग्रॅम बाहेर काढणे

पहिले काम नव्या पीएलसीचे नसून जुन्याचे असते. ११५यू चा प्रोग्रॅम बॅटरीवर टिकणाऱ्या रॅममध्ये असू शकतो किंवा ईप्रॉम मॉड्यूलमध्ये. रॅममध्ये असेल आणि लिथियम बॅटरी संपली असेल, तर मेन स्विच बंद करताच प्रोग्रॅम जातो. म्हणून बॅकअप मशीन चालू असतानाच घ्यायचा आणि बॅटरीही पॅनलला वीज असतानाच बदलायची. प्रोग्रॅमिंग पोर्ट २० मिलिॲम्पिअर करंट लूपचा असल्याने त्यासाठी वेगळी केबल लागते. सीपीयूमधून काढलेल्या प्रोग्रॅममध्ये कॉमेंट आणि सिम्बॉल नसतात, नुसत्या सूचना असतात. त्यामुळे कपाटातली फ्लॉपी किंवा कागदी प्रिंट सापडली तर ती जपून ठेवावी. मात्र तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. वीस वर्षांत मेंटेनन्सवाल्यांनी थेट सीपीयूत केलेले बदल तिच्यात क्वचितच उतरलेले असतात.

रूपांतर दोन टप्प्यांत होते. जुन्या स्टेप ७ सॉफ्टवेअरमध्ये एस५ फाइल बदलण्याची सोय आहे. तिला `ST.S5D` ने संपणारी प्रोग्रॅम फाइल आणि `XR.INI` ने संपणारी क्रॉस-रेफरन्स फाइल द्यावी लागते. त्यातून एस७-३०० साठीचा मजकूर मिळतो आणि तो पुढे सीमेन्सच्या टीआयए पोर्टल या नव्या सॉफ्टवेअरमधून १५०० वर नेता येतो. रूपांतरक बराचसा भाग बिनचूक उतरवतो. `DO FW` सारख्या अप्रत्यक्ष ॲड्रेसच्या सूचना मात्र हातानेच नव्याने लिहाव्या लागतात.

इनपुट-आउटपुट : ॲड्रेस तेच ठेवावेत

११५यू मध्ये डिजिटल कार्डचा ॲड्रेस स्लॉटवरून ठरतो आणि प्रत्येक स्लॉटला चार बाइट मिळतात. स्लॉट ० ला ० ते ३, स्लॉट १ ला ४ ते ७, स्लॉट ४ ला १६ ते १९. एस७-१५०० मध्ये कार्डचा सुरुवातीचा बाइट हवा तो देता येतो. सॉफ्टवेअर आपणहून सगळी कार्डे ० पासून सलग लावते आणि नवखा अभियंता ते तसेच राहू देतो. त्यापेक्षा जुनेच क्रमांक हाताने भरावेत. क्लॅम्पचा प्रेशर स्विच जुन्या रॅकवर `I 4.2` असेल तर नव्या रॅकवरही `I 4.2` च असावा. मग वायरवरचे फेरूल, ड्रॉइंग आणि रात्रपाळीच्या वायरमनच्या डोक्यातला नकाशा, तिन्ही जुळून राहतात. ॲड्रेसना छान नावे देण्याची हौस मशीन एक महिना नीट चालल्यावर भागवता येते.

फ्लॅगचे, म्हणजे प्रोग्रॅमच्या आतल्या खुणा ठेवणाऱ्या मेमरीचेही असेच आहे. `FW 20` चा `MW 20` होतो, आकडा तोच राहतो. टायमर आणि काउंटरचे क्रमांकही टिकतात. खरी गाठ पडते ती डेटा ब्लॉकमध्ये.

डेटा ब्लॉक : दुपटीचा नियम

एस५ मध्ये डेटा ब्लॉक शब्दांनी मोजला जातो, एस७ मध्ये बाइटनी. एका शब्दात दोन बाइट असल्याने `DW 5` चा `DBW10` होतो. डावा बाइट `DL 5` हा `DBB10` आणि उजवा `DR 5` हा `DBB11`. बिटांचा हिशेब जरा वाकडा आहे. एस५ चा शब्द ० ते १५ असे बिट मोजतो आणि त्यातले ० ते ७ उजव्या बाइटमध्ये असतात. म्हणून `D 5.3` हा `DBX11.3` होतो, तर `D 5.11` हा `DBX10.3`.

```
S5:  C  DB 10
     L  DW 5
     T  FW 20

S7:  L  DB10.DBW10
     T  MW 20
```

एस७ मध्ये ब्लॉकचा क्रमांक प्रत्येक वेळी पूर्ण लिहिलेला बरा. आधी उघडलेला ब्लॉक पुढेही उघडाच असेल, या भरवशावर ठेवलेले जुने कोड शोधताना दिवस जातात. शिवाय या ब्लॉकसाठी ‘ऑप्टिमाइझ्ड ॲक्सेस’ बंद करावा लागतो, नाहीतर बाइटचे हे क्रमांक अस्तित्वातच नसतात.

रूपांतरक दुपटीचा नियम पाळतो. चूक होते ती हाताने लिहिलेल्या भागात आणि ऑपरेटरच्या स्क्रीनवरच्या टॅगमध्ये. समजा `DW 2` मध्ये ३० आहे, `DW 3` मध्ये १२ आहे आणि कोणी `DW 5` साठी `DBW5` लिहिले. आता वाचला जातो तो `DW 2` चा उजवा बाइट आणि `DW 3` चा डावा बाइट, म्हणजे हेक्समध्ये 1E00. स्क्रीनवर ७६८० दिसते. ३० ला २५६ ने गुणले की हाच आकडा येतो. लहान आकड्याच्या जागी अचानक २५६ च्या पटीतला आकडा दिसला, तर बाइटची घसरण झाली असे समजावे.

टायमर : मशीन चालते, पण हळू

एस५ मधला टायमर `KT 030.1` असा लिहितात. टिंबानंतरचा आकडा पायाभूत काळ सांगतो : ० म्हणजे ०.०१ सेकंद, १ म्हणजे ०.१, २ म्हणजे १ आणि ३ म्हणजे १० सेकंद. ०३०.१ म्हणजे तीस गुणिले ०.१, अर्थात ३ सेकंद. नवा `TON` टायमर मिलिसेकंदांत वेळ घेतो.

भोसरी एमआयडीसीतील एका ड्रिलिंग एसपीएमचे उदाहरण घेऊ. तळाशी गेल्यावर ड्रिल ३ सेकंद थांबते आणि हा थांबा `DW 5` मध्ये `KT 030.1` म्हणून ठेवलेला आहे. स्मृतीत तो हेक्स 1030 असा बसतो. पहिला 1 हा पायाभूत काळ आणि पुढचे 030 हे बीसीडीतले, म्हणजे चार-चार बिटांत एकेक दशमान अंक लिहिलेले, तीस. प्रोग्रॅमरने हा शब्द साधा पूर्णांक समजून थेट `TON` ला दिला. 1030 चे दशमान मूल्य ४१४४, म्हणून थांबा ४.१४४ सेकंदांचा झाला. अलार्म नाही, ट्रिप नाही, जॉबही बरोबर. एका जॉबमागे फक्त १.१४४ सेकंद जास्त. ही चूक चाचणीच्या दिवशी कोणाच्या लक्षात येत नाही. आठवडाभराने प्रॉडक्शनवाले ‘नवा पीएलसी स्लो आहे’ म्हणत येतात. (नवा पीएलसी स्लो कधीच नसतो.) उपाय म्हणजे टायमरची प्रत्येक किंमत `S5TIME` प्रकारातून `TIME` प्रकारात रीतसर बदलून घेणे आणि दोन्ही किमती शेजारी-शेजारी लिहिलेला तक्ता तपासणे.

वेगाची अडचण

११५यू चा एक स्कॅन, म्हणजे पूर्ण प्रोग्रॅमची एक फेरी, मोठ्या प्रोग्रॅमवर दहा-वीस मिलिसेकंदांचा किंवा त्याहून जास्त असू शकतो. तोच प्रोग्रॅम १५०० वर एक-दोन मिलिसेकंदांत संपतो. त्यामुळे जुन्या मशीनचे लपलेले दोष उघडे पडतात. याच एसपीएमवर स्लाइड पुढे सुटताना हायड्रॉलिक दाब क्षणभर पडतो आणि क्लॅम्पचा प्रेशर स्विच लुकलुकतो. जुना सीपीयू दोन स्कॅनच्या मध्ये ते चुकवत असे. नव्या सीपीयूने ते पकडले आणि मशीन ऑटोमधून बाहेर पडू लागले. अशा वेळी स्विच बदलून काही होत नाही. त्या इनपुटचा विलंब वाढवावा, आणि कार्डाची मर्यादा, बहुधा २० मिलिसेकंद, अपुरी पडली तर प्रोग्रॅममध्ये पन्नासेक मिलिसेकंदांचा टायमर लावावा. स्कॅन मोजून उशीर काढणारे जुने काउंटर मात्र सरळ काढून टाकून तिथे टायमर घालावेत.

पुन्हा चाचणी

चाचणीची तयारी जुना पीएलसी चालू असताना होते, नंतर ती करता येत नाही. प्रत्येक सोलेनॉइड आणि स्विच कोणत्या क्रमाने आणि किती सेकंदांनी येतो, याचा एका पूर्ण सायकलचा टायमिंग तक्ता जुन्या मशीनवरच काढावा. मोबाइलवर पॅनलच्या दिव्यांचे चित्रीकरण केले तरी बरेच हाती लागते. ३ सेकंदांचा तो थांबा अशा तक्त्यावरच ४.१ म्हणून पकडला जातो.

मग टेबलावर सिम्युलेटरमध्ये प्रोग्रॅम चालवून इंटरलॉक तपासतात. प्रत्येक अट एकेकदा तोडायची आणि आउटपुट पडतो का ते पाहायचे. पॅनल बदलल्यावर हायड्रॉलिक पंप बंद ठेवून एकेक इनपुट हाताने दाबून आणि एकेक आउटपुट फोर्स करून पाहतात. एकाने मशीनवरून ‘चार-दोन’ म्हणायचे, दुसऱ्याने लॅपटॉपवर पाहून ‘आला’ म्हणायचे. त्यानंतर मॅन्युअल, मग जॉब न लावता ऑटो, मग एकच सायकल. इमर्जन्सी स्टॉप पीएलसीबाहेरच्या सेफ्टी रिलेवरून स्वतंत्रपणे पॉवर तोडतो, हे पहिल्या हालचालीआधीच पाहायचे.

सर्वांत जास्त वेळा वगळली जाते ती वीज जाण्याची चाचणी. ११५यू मध्ये सीपीयूवरचा स्विच योग्य स्थितीत असेल तर फ्लॅगचे बाइट `FY 0` ते `FY 127` वीज गेल्यावरही टिकतात. १५०० मध्ये किती बाइट टिकवायचे ते ठरवून द्यावे लागते आणि सुरुवातीला तो आकडा शून्य असतो. एसपीएमचा क्लॅम्प डबल सोलेनॉइडचा असल्याने वीज गेली तरी जॉब पकडलेलाच राहतो, पण ‘क्लॅम्प झाला’ ही खूण `F 12.0` मध्ये असते. ती पुसली गेली की वीज आल्यावर मशीन जॉब नाहीच असे समजते. म्हणून सायकलच्या मध्यावर, ड्रिल वर असताना, मेन स्विच पाडून पाहावे. वीज परत आल्यावर चालणारे एस५ चे `OB 22` मधले काम एस७ च्या `OB100` मध्ये आले आहे का, हेही तेव्हाच कळते.

या सगळ्यासाठी मिळणारा वेळ थोडा असतो. या पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, पण महावितरणही देखभालीसाठी अनेकदा गुरुवारीच वीज बंद ठेवते. त्यामुळे एका सुट्टीच्या भरवशावर न राहता जनरेटरची सोय आधी करतात किंवा काम दिवाळीच्या शटडाउनवर ढकलतात. जुना रॅक त्याच्या कनेक्टरांना खुणेच्या पट्ट्या लावून पॅनलशेजारी ठेवतात आणि वेळ ठरवून घेतात. शुक्रवारच्या पहिल्या पाळीआधी चार तास उरले आणि ऑटो सायकल अजून जमली नसेल, तर जुना रॅक परत बसवायचा.