पार्श्वभूमी: फोटोवरून मांगाचं पान, आणि ‘टोन’ या शब्दाचा गुंता

फोटोला मांगाच्या, म्हणजे जपानी कॉमिकच्या, पानाचं रूप देणारी बटणं आता बऱ्याच अ‍ॅपमध्ये असतात. बटण दाबलं की रंग जातो, सगळीकडे ठिपके उमटतात, कडा काळ्या होतात. तरीही मांगा वाचायची सवय असलेल्या माणसाला ते पान पटत नाही. ते जुन्या वर्तमानपत्रातल्या फोटोसारखं दिसतं. असं का होतं याचं उत्तर छपाईच्या इतिहासात आहे, आणि तिथवर पोचायचं तर आधी एका शब्दाचा गुंता सोडवावा लागतो.

खिळ्यांची छपाई पाहिलेल्या मराठी वाचकांना ‘लाइन ब्लॉक’ आणि ‘हाफटोन ब्लॉक’ हे दोन शब्द आठवत असतील. रेखाचित्र असेल तर लाइन ब्लॉक: शाई लागेल तिथे काळं, नाही लागणार तिथे कागद. फोटो असेल तर हाफटोन ब्लॉक: मूळ फोटो बारीक जाळीतून पुन्हा टिपायचा, म्हणजे उजळ भागात ठिपका बारीक येतो आणि गडद भागात मोठा. ही पद्धत १८८०च्या दशकात रुळली. ठिपक्याचा आकार फोटो ठरवतो, माणूस नाही, ही त्यातली खरी मेख.

दुसरी वाट अगदी वेगळी. १८७९ साली अमेरिकेत एका चित्रकार-मुद्रकाने ठिपक्यांचा तयार नमुना ठशावर उतरवण्याच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. त्यात फोटो नव्हताच. कारागीर चित्रातला एखादा भाग निवडायचा आणि तिथे एकसारखे ठिपके दाबायचा. पुढे हाच नमुना चिकट पारदर्शक फिल्मवर छापून मिळू लागला, आणि ती कापून थेट चित्रावर चिकटवता येऊ लागली. मांगातला ‘स्क्रीनटोन’ या दुसऱ्या घराण्यातला आहे. म्हणजे दिसायला दोन्हीकडे ठिपकेच, पण हाफटोनमध्ये ठिपका इंचाइंचाला बदलतो आणि स्क्रीनटोनमध्ये पूर्ण शर्टभर तो एकाच मापाचा राहतो. फोटोग्राफीतला ‘टोन’ म्हणजे करड्याची पायरी, मांगातला ‘टोन’ म्हणजे तो चिकट ताव. फिल्टर बनवणाऱ्यांनी दोन्ही एकच मानले, आणि मांगाच्या नावाने आपल्या हाती वर्तमानपत्री फोटो आला.

जपानने ही दुसरी वाट का धरली, हे तिथल्या साप्ताहिकांकडे पाहिलं की कळतं. मुलांसाठीची मांगा साप्ताहिकं १९५९ पासून सुरू झाली. जाड, खरबरीत, बहुतेकदा रंगीत छटेचा स्वस्त कागद आणि उठावाच्या ठशाची छपाई. अशा पानावर खरा करडा रंग छापताच येत नाही. सुरुवातीच्या काळात चित्रकार करडा हवा असलेल्या भागावर फिकट निळा रंग लावून ठेवायचा. ठसा करणाऱ्या कॅमेऱ्याला तो निळा दिसत नसे, आणि तिथे ठिपके घालायचं काम ठसा करणारा करायचा. टोनचे ताव आले तेव्हा हा निर्णय छापखान्यातून उठून चित्रकाराच्या टेबलावर आला. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना हीच. ठिपका कुठे आणि किती, हे आता कथा सांगणारा ठरवू लागला.

मग हातांची एक वेगळीच कारागिरी वाढली. ताव अंदाजाने थोडा मोठा कापायचा, जागेवर ठेवून कटरच्या टोकाने जादा भाग हलकेच काढायचा, सपाट पट्टीने घासून बसवायचा. ढग किंवा केसांवरची चमक हवी असेल तर त्याच कटरने ठिपके खरवडायचे. ठिपक्यांच्या रांगा ४५ अंशांत असतात. त्यांच्याच दिशेने खरवडलं तर कडा दातेरी होते, म्हणून थोडं तिरकं जायचं. एकावर एक टोन चढवला तर लाटांसारखी नक्षी उमटते, तिला मोआरे म्हणतात. ती कधी मुद्दाम वापरत, बहुतेकदा मात्र ती चूकच असे.

टोनच्या तावावर ‘६० रेषा, १० टक्के’ असं लिहिलेलं असतं. ६० रेषा म्हणजे एका इंचात ठिपक्यांच्या ६० रांगा, आणि १० टक्के म्हणजे त्यातलं काळं किती. हा साठचा आकडा आजही नवशिके डोळे मिटून भरतात, पण तो मूळ कागदासाठी आहे. मांगाचं मूळ चित्र मोठं काढतात आणि साप्ताहिकात ते सुमारे ८२ टक्क्यांवर छापलं जातं. म्हणजे ६० च्या ७३ रेषा होतात. त्या काळच्या वर्तमानपत्री कागदाला साधारण ६५ ते ८५ रेषाच झेपत. पुढे खिशात मावणाऱ्या पुस्तकात तेच पान निम्म्याहून थोड्याच मोठ्या मापावर येतं आणि रेषा ११०च्या आसपास जातात, पण तिथला कागद बरा असतो. तेव्हा साठ हा काही सौंदर्याचा आकडा नाही, तो खरबरीत कागदाशी केलेला हिशोब आहे.

काळ्याचा प्रश्न याहून अवघड. भरीव काळ्याला जपानी चित्रकार ‘बेता’ म्हणतात. फोटोत करड्याच्या २५६ पायऱ्या असतात, पानावर दोनच. कुठे छेद घ्यायचा? १९७९ मध्ये एका जपानी संशोधकाने उजळ आणि गडद असे दोन गट सर्वांत स्पष्ट वेगळे पडतील तो आकडा गणिताने काढण्याची पद्धत मांडली, आणि छापील मजकूर वाचणाऱ्या यंत्रांपासून अनेक ठिकाणी ती वापरात आली. कागदावरच्या अक्षरांसाठी ती उत्तम. चेहऱ्यासाठी मात्र ती अपुरी पडते, कारण तिला नाकाची सावली आणि केस यांत फरक कळत नाही. सावली केसांइतकी गडद असली की अर्धा गाल काळा होतो. मांगाचा चित्रकार आधी वस्तू पाहतो, मग उजेड. केस काळे कारण ते केस आहेत, गाल पांढरा कारण तो गाल आहे, भले फोटो काहीही म्हणो.

वेगरेषांची गोष्टही अशीच फोटोपासून सुरू होऊन फोटोला सोडून जाते. पाश्चात्त्य चित्रपट्ट्यांत पळणाऱ्या माणसाच्या मागे चार रेघा असत. कॅमेरा धावत्या माणसाबरोबर फिरवला की माणूस स्पष्ट येतो आणि मागचं जग ओढल्यासारखं पुसतं, तसा परिणाम जपानी पानांवर १९६०च्या दशकाअखेर दिसू लागला. पार्श्वभूमीच रेषांची झाली. समांतर रेषा म्हणजे धाव. एका बिंदूकडे जमणाऱ्या रेषा, ज्यांना ‘शूचूसेन’ म्हणतात, त्या म्हणजे धक्का, लक्ष, अचानक जाणीव. त्या काढताना बिंदूवर टाचणी रोवून पट्टी तिला टेकवत फिरवत नेत, आणि प्रत्येक रेघ आत जाताना हात उचलून तिचं टोक निमुळतं करत.

संगणक आल्यावर गोंधळ वाढला. फोटो सुधारणाऱ्या सॉफ्टवेअरमधला `Halftone Screen` हा पर्याय छापखान्यासाठी होता, म्हणजे तो पहिल्या घराण्यातला. जपानी कॉमिक सॉफ्टवेअर २००१च्या सुमारास आलं, तेव्हा त्यात टोन निवडलेल्या जागेत ओतता येऊ लागला, म्हणजे दुसरं घराणं. २००८ साली हाँगकाँगच्या संशोधकांनी फोटोपासून मांगाचे टोन बनवण्याची पद्धत मांडली, तीत वेगळ्या रंगांच्या भागांना वेगळे नमुने मिळत. भाग पाडल्याशिवाय मांगा होत नाही हे तिथे ओळखलं होतं. फोनमधल्या फिल्टरांमध्ये मात्र बहुतांश पहिलंच घराणं उतरलं.

एक फोटो घेऊन बघू. संध्याकाळचा फलाट, धावणारी मुलगी, गडद निळं जाकीट, काळे केस, मागे चंदेरी गाडी. एका आकड्याच्या वर सगळं पांढरं आणि खाली सगळं काळं करणारा `Threshold` सरळ लावला तर केस आणि जाकीट मिळून एकच काळा गोळा होतो, कारण फोटोत दोन्ही जवळपास सारखेच गडद आहेत. म्हणून केस बेता, त्यात चमकेची एक पांढरी पट्टी. जाकीट ३० टक्के टोन, एकाच मापाचा, घड्यांच्या सावल्यांसकट. चेहरा पूर्ण पांढरा, फक्त हनुवटीखाली १० टक्के. आकाश कोरं. एवढ्या चार पायऱ्या पुरतात. ६० टक्क्यांच्या वरचा टोन टाळायचा, कारण कागदावर शाई पसरून तो काळाच दिसतो, मग सरळ बेता केलेला बरा.

गाडीला धूसर करायचा मोह होतो. तो टाळावा, कारण धूसर भाग म्हणजे करडा, आणि दोन रंगांत उतरताना त्याचे काळे ढेकूळ होतात. गाडी पुसून टाकायची आणि तिच्या जागी धावेच्या दिशेने समांतर रेषा काढायच्या. त्या सारख्या अंतरावर नकोत, नाहीतर लोखंडी गज वाटतात. तीन-चारांचा पुंजका, मग मोकळी जागा, पुन्हा दोन. चेहऱ्याभोवती बोटभर पांढरं सोडायचं.

आता माप. १८२ बाय २५७ मिलिमीटरचं पान ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० पिक्सेल धरून, सुमारे ४३०० बाय ६०७० पिक्सेलचं होतं. फोटो आधी करड्यात असतानाच या मापाला न्यायचा, आणि टोन सगळ्यात शेवटी घालायचा. ६० रेषांना प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १० पिक्सेल येतात, ते व्यवस्थित बसतं. तेच पान नंतर फोनसाठी १०८० पिक्सेल रुंद केलं की वाट्याला अडीच पिक्सेल येतात. अर्धा पिक्सेल नसतो, म्हणून कुठे दोन कुठे तीन असं होत जाऊन जाकिटावर पट्ट्या उमटतात. पडद्यासाठी त्यामुळे वेगळी प्रत करावी लागते: आधी १०८० रुंदी, मग ठिपक्याला सहा पिक्सेल, जे मूळ पानाच्या हिशोबाने सुमारे २५ रेषा होतात. पट्ट्या दिसल्या तर चित्र कमीजास्त झूम करून पाहावं. झूमबरोबर त्या बदलत किंवा नाहीशा होत असतील तर त्या दाखवणाऱ्या अ‍ॅपच्या आहेत. शंभर टक्क्यांवरही तशाच राहिल्या तर त्या फाइलमध्ये मुरल्या आहेत, आणि टोन काढून पुन्हा घालण्याला पर्याय नाही.