ऑक्टोबरला ऑक्टोबर लावू नका भाऊ

"मागच्या ऑक्टोबरशी हा ऑक्टोबर लावला की जाहिरात किती चालली ते कळतंच ना?"

नाही कळत, कारण दिवाळी इंग्रजी महिना पाहून येत नाही. 2023 ला लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होतं, 2024 ला 1 नोव्हेंबरला, म्हणजे दिवाळीची अर्धीअधिक खरेदी एका वर्षी नोव्हेंबरात अन दुसऱ्या वर्षी ऑक्टोबरात पडली.

समजा सीताबर्डीवरचं साड्यांचं दुकान आहे. ऑक्टोबर 2023 ला जाहिरातीच्या रुपयामागे 5 रुपये विक्री, ऑक्टोबर 2024 ला 7, मालक खुश, बजेट वाढवायला निघाला. आता लक्ष्मीपूजनाच्या आधीचे 21 दिवस धरा, 2023 चे 22 ऑक्टोबर ते 11 नोव्हेंबर, 2024 चे 11 ते 31 ऑक्टोबर, दोन्हीत दसराही येतो अन शनिवार-रविवारही तीन-तीनच. आता आकडा निघतो 7.5 अन 7.8. वाढ एवढीशीच! अन नोव्हेंबरला नोव्हेंबर लावला असता तर हीच जाहिरात बुडाली असं दिसलं असतं.

एक फरक तरी उरतोच बरं का, 2023 च्या 21 दिवसांत नोव्हेंबरच्या सुरुवातीचा पगार बसला, 2024 ला ज्यांचा 1 तारखेला होतो त्यांचा थेट लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला, म्हणून 7.5 अन 7.8 मधल्या फरकावर मी तरी पैसा लावणार नाही.