कासव दिसलं की गाडी कुणाला वाचवत असते?

कसारा घाट चढताना इलेक्ट्रिक गाडीच्या डॅशबोर्डवर छोटं पिवळं कासव उगवतं. बॅटरी २४ टक्के दाखवत असते, म्हणजे अजून पन्नासेक किलोमीटर सहज जायला हवेत. तरी ॲक्सिलरेटर दाबला की गाडी पूर्वीसारखी उसळत नाही आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवायला लागतो. वर पोहोचून रस्ता सपाट झाला की पाच मिनिटांत कासव गायब होतं, जणू काही झालंच नव्हतं. सर्व्हिस सेंटरला दाखवावं तर तिथे गाडी शहाण्यासारखी वागते.

कासवाचा अर्थ एवढाच असतो की गाडीने मोटरला मिळणारी ताकद स्वतःहून कमी केली आहे. हा निर्णय बहुतेक वेळा बॅटरीवर लक्ष ठेवणारी यंत्रणा घेते. तिला बीएमएस म्हणतात. दर क्षणी ती एक हिशोब करत असते: आत्ता किती करंट काढला तर कुठल्याच सेलला इजा होणार नाही? बॅटरी पाच टक्क्यांवर आली की कासव दिसणं स्वाभाविकच आहे. भर उन्हात लागोपाठ फास्ट चार्जिंग करून लगेच घाट चढला तर बॅटरीचा पॅक तापल्यामुळेही ते दिसतं आणि गाडी निवल्यावर जातं. कोड्यात टाकतं ते २४ टक्क्यांवरचं कासव.

एक हिशोब मांडून बघू. समजा पॅक ३२० व्होल्टचा, ३० किलोवॅट-तासांचा आहे. त्यात लिथियम आयर्न फॉस्फेटचे, प्रत्येकी ३.२ व्होल्टचे, १०० सेल एकापुढे एक जोडलेले आहेत. असा प्रत्येक सेल साधारण ९४ अँपिअर-तासांचा असतो. एकापुढे एक जोडल्यामुळे सगळ्यांतून सारखाच करंट वाहतो. एखादा सेल थकला म्हणून त्याला थोडा कमी करंट द्यायची सोय नसते.

आता यातला एक सेल म्हातारा झालाय असं धरा. त्याची क्षमता ८० अँपिअर-तासांवर आली आहे आणि आतला रोध ०.८ मिलिओहमवरून ३ मिलिओहमवर गेला आहे. सकाळी सगळे पूर्ण भरले होते. इतर सेल २४ टक्क्यांवर येईपर्यंत प्रत्येकातून सुमारे ७१ अँपिअर-तास खर्च झाले. म्हाताऱ्याकडे उरले जेमतेम नऊ, म्हणजे दहा-अकरा टक्के. पडद्यावरचा २४ हा आकडा त्याच्यापुरता खोटा आहे. गाडी थांबलेली असताना तो ३.१ व्होल्ट दाखवेल, शेजारी ३.२२. हा फरक इतका किरकोळ आहे की उभ्या गाडीत कुणाच्या लक्षातही यायचा नाही.

घाटात ओव्हरटेक करायला २०० अँपिअर मागितले की चित्र पालटतं. चांगल्या सेलचं व्होल्टेज ०.१६ ने पडतं आणि तो तीनच्या वर राहतो. म्हाताऱ्याचं २०० गुणिले ०.००३, म्हणजे ०.६ व्होल्टने पडतं आणि तो २.५ वर येऊन टेकतो. या जातीच्या सेलसाठी २.५ व्होल्ट म्हणजे तळ. त्याच्या फार खाली गेला तर आतलं तांबं विरघळू लागतं आणि पुढे चार्ज करताना तेच आत शॉर्ट सर्किट घडवू शकतं. म्हणून बीएमएस तळापर्यंत वाट बघत बसत नाही. ती २.८ व्होल्टलाच हात आखडता घेते असं धरलं, तर परवानगी मिळते फक्त १०० अँपिअरची. ३१४ व्होल्ट गुणिले १०० अँपिअर म्हणजे साधारण ३१ किलोवॅट. मोटर ९५ किलोवॅटची असली तरी तिच्या हाती एक तृतीयांश ताकद उरते. कासव उगवतं ते इथे.

सपाट रस्त्यावर ताशी ६० किलोमीटरला आठ-नऊ किलोवॅट पुरतात. त्याला लागतात तीसेक अँपिअर, आणि तेवढ्यात म्हाताऱ्याचं व्होल्टेज ०.१ ने सुद्धा पडत नाही. पाच माणसं बसवून पाच टक्के चढावर ताशी ८० ठेवायचं तर नुसतं वजन वर उचलायलाच जवळजवळ २० किलोवॅट जातात. त्यात हवेचा विरोध, टायरचं घर्षण आणि एसी मिळवले की आकडा ३१ च्या पुढे जातो. म्हणून दुखणं घाटात दिसतं आणि शहरात दडतं. सर्व्हिस सेंटरच्या दारात गाडी उभी करून ते सापडणार कसं?

सापडवायचा मार्ग म्हणजे चढावर असताना सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी व्होल्टेज असलेल्या सेलमधला फरक बघणं. स्टीअरिंगखाली दोष तपासायचं ओबीडी सॉकेट असतं, त्याला छोटं ब्लूटूथ यंत्र लावलं की बऱ्याच गाड्यांमध्ये हे आकडे मोबाइलवर दिसतात. चालवणाऱ्याने रस्ता बघावा आणि आकडे शेजारच्याने बघावेत, हे वेगळं सांगायला नको. आपल्या उदाहरणात उभ्या गाडीत फरक होता ०.१२ व्होल्ट. २०० अँपिअरला तो ०.५६ होतो. ताण वाढला की फरक फुगतो आणि पाय उचलला की आटतो, आणि दर वेळी एकाच क्रमांकाचा सेल खाली असतो. दुसरी खूण तापमानाची. २०० अँपिअरला चांगला सेल ३२ वॅट उष्णता देतो, म्हातारा १२०.

हाच सेल चार्जिंगलाही त्रास देतो, पण उलट बाजूने. रात्री घरच्या ३.३ किलोवॅटच्या चार्जरवर पॅकमध्ये जेमतेम दहा अँपिअर जातात. त्यात जास्तीच्या रोधाने व्होल्टेज ०.०३ ने वाढतं, म्हणजे काहीच नाही. फास्ट चार्जरवर १०० अँपिअर जायला लागले की म्हातारा ०.३ व्होल्टने फुगतो आणि बाकीच्यांच्या आधी ३.६५ ची वरची मर्यादा गाठतो. मग गाडीच चार्जरला करंट कमी करायला सांगते. घरी चार्जिंग ठीक, फास्ट चार्जरवर मात्र ते रखडतं, आणि वर घाटात कासव. या तीन तक्रारी एकत्र आल्या की मी आधी एका सेलवर संशय घेतो. लोक तीन वेगळ्या वेळी तीन वेगळ्या तक्रारी नोंदवतात आणि चार्जर कंपनीला शिव्या घालतात.

एक फरक मात्र तपासायला हवा. कधी कधी सेल म्हातारा नसतोच, फक्त इतरांच्या मागे पडलेला असतो. लिथियम आयर्न फॉस्फेटच्या सेलचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट असतं, त्यामुळे कोण मागे आहे ते बीएमएसला नीट कळतं ते पार वरच्या टोकाला, शंभर टक्क्यांच्या आसपास. ज्यांनी महिनोन् महिने ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवलं त्यांच्या गाडीत ही तफावत साचत जाते. ती भरून काढणारी यंत्रणा फार संथ असते. तिचा वेग ०.१ अँपिअर असेल तर पाच अँपिअर-तासांची तफावत मिटायला पन्नास तास लागतात. म्हणून अशा बॅटरीच्या कंपन्या अधूनमधून शंभर टक्के भरायला सांगतात. आठवडाभर रोज पूर्ण भरून, नंतरही काही तास प्लग तसाच ठेवून फरक कमी झाला, तर सेल वाचला. नाही झाला, तर तो सेल ज्या गठ्ठ्यात बसवलेला आहे ते मॉड्यूल बदलायचं. बदलताना नवं मॉड्यूल शेजाऱ्यांच्या व्होल्टेजला आणूनच जोडावं लागतं, नाहीतर तीच तक्रार नव्या रूपात परत येते.

आता वेगळीच गोष्ट. बॅटरी ७० टक्के भरलेली, पॅक ठणठणीत, तरी कासव दिसतं आणि थोड्या वेळाने गाडी बंद पडते. इथे दोषी असते बोनेटखालची किंवा मागे ठेवलेली साधी १२ व्होल्टची बॅटरी, किंवा तिला भरणारं सर्किट. बीएमएस, ब्रेकचा संगणक आणि मोठ्या पॅकला मोटरशी जोडणारे रिले हे सगळं १२ व्होल्टवर चालतं. २०२४ मध्ये ह्युंदाईने भारतात १,७४४ आयोनिक ५ गाड्या परत बोलावल्या, त्या याच जागच्या दोषासाठी. चार्जिंग सांभाळणारा आणि १२ व्होल्टची बॅटरी भरणारा असा एकत्र भाग त्या गाडीत आहे. तो बिघडला की १२ व्होल्टची बॅटरी भरली जात नाही, आणि ती रिकामी होऊ लागली की गाडी ताकद कमी करत करत थांबते. म्हणून भरल्या बॅटरीवर कासव दिसलं आणि सोबत १२ व्होल्टचा किंवा वीजपुरवठा तपासा असा इशारा आला, तर घरापर्यंत रेटायचं नाही. ताकद शिल्लक आहे तोवर रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागा गाठायची.

लाल रंगात हाय व्होल्टेजचा इशारा आला तर विषय बहुधा इन्सुलेशनचा असतो. गाडीच्या धातूच्या अंगाशी ३२० व्होल्टच्या तारांचा संबंध मुद्दामच ठेवलेला नसतो, आणि तो येत नाही ना हे गाडी सतत मोजत असते. नियमातली किमान अट आहे दर व्होल्टला १०० ओहमची, म्हणजे इथे ३२,००० ओहम. निरोगी गाडीत हा आकडा लाखांत असतो. पावसाळ्यात कनेक्टरमध्ये ओल शिरली, कूलंट गळून आत झिरपलं किंवा एसीच्या कॉम्प्रेसरची इन्सुलेशन गेली की तो घसरतो. गाडीने नोंदवलेल्या दोषाच्या कोडमध्ये बऱ्याचदा P0AA6 दिसतो. एका जागी गळती झाल्याने लगेच झटका बसत नाही, पण दुसरीकडेही झाली तर माणसाच्या अंगातून करंट वाहायला वाट मिळते. अनेक गाड्या चालू असताना मधेच बंद पडत नाहीत; एकदा बंद केल्या की मात्र पुन्हा सुरू होत नाहीत. तेव्हा इशारा दिसल्यावर चहाला थांबताना हे लक्षात असू द्यावं. हाय व्होल्टेजच्या नारिंगी केबलला मात्र कुणीही हात लावायचा नाही, ओळखीच्या वायरमननेही नाही. फास्ट चार्जरही सुरू होण्याआधी हीच चाचणी करतो. त्यामुळे लागोपाठ दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या चार्जरनी गाडी नाकारली, तर दोष गाडीत शोधावा.

घरी उलट असतं. घरचा चार्जर लाल दिवा लावून बसला तर दहातल्या बहुतेक वेळा गाडी निर्दोष असते आणि सॉकेटचं अर्थिंग नावापुरतं असतं. जुन्या चाळींत आणि गावातल्या घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते, किंवा असलीच तर पुरलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडलेला असतो. अर्थ सापडला नाही की पोर्टेबल चार्जर करंट सोडतच नाही. जनरेटरवर किंवा इन्व्हर्टरवरही हेच होतं, कारण तिथे न्यूट्रल जमिनीशी जोडलेला नसतो. वायरमनला बोलवून १५ अँपिअरच्या त्या सॉकेटवर लोड चालू असताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधलं व्होल्टेज मोजून घ्यावं. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. दहा-पंधरा निघाले तर अर्थिंग नव्याने करावं, आणि चार्जरसाठी मेन बोर्डापासून स्वतंत्र जाड वायर ओढून घ्यावी.