बारा मीटर की चार? ‘अंतर’ या शब्दाची पार्श्वभूमी

पुण्यात अकरावी-बारावीच्या क्लासमध्ये दरवर्षी एका प्रश्नावर वाद होतो. वेगाचे सूत्र दिलेले असते, कण मध्येच उलटा फिरतो आणि प्रश्न असतो: ‘त्याने किती अंतर कापले?’ निम्मी मुले संकलन करून एक उत्तर काढतात, उरलेल्यांचे उत्तर त्याच्या दुप्पट-तिप्पट येते. ही चूक गणितात जितकी आहे, तितकीच भाषेतही आहे, असे माझे मत आहे.

वेगाच्या आलेखाखालचे क्षेत्रफळ म्हणजे अंतर, ही कल्पना चौदाव्या शतकातल्या युरोपातली. तिथल्या विद्वानांनी वेग उभ्या रेघांनी दाखवला आणि त्या आकृतीच्या क्षेत्रफळातून अंतर काढले. तिथे वेग म्हणजे गतीची तीव्रता, उष्णता कमी-जास्त असावी तशी. ती ऋण असण्याचा प्रश्नच नव्हता, त्यामुळे कापलेले अंतर आणि विस्थापन, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागा किती आणि कोणत्या दिशेने बदलली ते, असे दोन प्रकारही नव्हते. सतराव्या शतकात कलनशास्त्र आले, पुढे ऋण वेगालाही अर्थ मिळाला आणि अक्षाखालचे क्षेत्रफळ वजा धरले जाऊ लागले. दिशा सांभाळणारी सदिश राशी एकोणिसाव्या शतकातली. चिन्ह पुसून टाकणाऱ्या दोन उभ्या रेघा, |v| मधल्या, साधारण 1841 पासूनच्या.

मराठीत हे शालेय पुस्तकांतून आले, तेव्हा चार शब्द वाट्याला आले: अंतर, विस्थापन, चाल, वेग. ‘विस्थापन’ हिंदीतही आहे, तो ठीकच आहे. धरणग्रस्तांमुळे तो आपल्या कानाला ओळखीचा आहे आणि त्यातला ‘जागा बदलली’ हा अर्थ भौतिकशास्त्रालाही चालतो. ‘वेग’ रोजच्या बोलण्यात चालीसाठीही वापरतात, पण तो गोंधळ वर्गात दोन दिवसांत मिटतो. खरी अडचण ‘अंतर’ या शब्दाची आहे. अंतर म्हणजे मुळात दोघांमधली फट. ‘स्वारगेटपासून शिवाजीनगरचे अंतर किती?’ असे विचारताना आपण दोन ठिकाणांविषयी बोलतो. तोच शब्द रिक्षाचा मीटर मोजतो त्यालाही लागतो. शिवाजीनगरला जाऊन स्वारगेटला परतलात, तर मीटर जाता-येताचे दोन्ही अंतर दाखवेल, पण तुमचे स्वारगेटपासूनचे अंतर शून्य असेल. दोन्ही वाक्ये शुद्ध मराठी आहेत आणि दोन्हीत ‘अंतर’ आहे. फटीच्या अर्थाने अंतर हे विस्थापनाच्या परिमाणाच्या जवळ जाते. पुस्तकात मात्र अंतर म्हणजे प्रत्यक्ष कापलेल्या वाटेची लांबी, म्हणजे नेमके उलट. म्हणून प्रश्नपत्रिकेत नुसते ‘अंतर’ कधीच लिहू नये, ‘कापलेले अंतर’ किंवा ‘पासूनचे अंतर’ असेच लिहावे.

एक उदाहरण घेऊ. v = 3t² − 12t + 9, वेळ 0 ते 4 सेकंद, वेग मीटर प्रति सेकंदात. सुरुवातीला वेग 9, शेवटीही 9. फक्त दोन टोके पाहणाऱ्याला वाटते, कण सरळ पुढेच गेला. पण वेगाचे अवयव पाडले, तर 3(t − 1)(t − 3) मिळतात. म्हणजे 1 ते 3 सेकंदांत वेग ऋण आहे; 2 सेकंदांना तो −3 आहे. स्थान s = t³ − 6t² + 9t असे येते. 1 सेकंदाला कण 4 मीटरवर, 3 सेकंदांना पुन्हा 0 वर, 4 सेकंदांना पुन्हा 4 वर. सलग संकलनाने 4 मीटर मिळतात, हे विस्थापन. कापलेले अंतर मात्र 4 + 4 + 4 = 12 मीटर. ‘आरंभबिंदूपासून कण किती अंतरावर आहे?’ याचे उत्तर 4 आणि ‘कणाने किती अंतर कापले?’ याचे 12.

काही मुले विस्थापन ऋण आले की त्याला |v| सारख्या दोन रेघा लावतात आणि तेच अंतर म्हणून लिहितात. चिन्ह संकलनाआधी काढायचे असते, नंतर नव्हे. नंतर काढले, तर पुढे-मागे एकमेकांत आधीच वजा झालेले असते. म्हणून आधी वेग शून्य होण्याच्या वेळा शोधायच्या, तिथे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकड्याचे मूल्य धन करून बेरीज घ्यायची.

पण शून्य सापडले की कण वळलाच, असेही नाही. v = 3(t − 2)² घेतले, तर 2 सेकंदांना वेग शून्य होतो. तरी त्याच्या आधी आणि नंतर तो धनच असतो. कण क्षणभर थांबतो आणि त्याच दिशेने पुढे जातो. 0 ते 4 सेकंदांत विस्थापन 16 मीटर आणि कापलेले अंतरही 16. शून्याच्या दोन्ही बाजूंना चिन्ह बदलते का, हे पाहिल्याशिवाय वळण धरता येत नाही.