चकवा लागतो म्हणजे नेमकं काय होतं?

धुक्यात किंवा अंधाऱ्या रानात वाट चुकलेला माणूस तासभर नाकासमोर चालतो आणि पुन्हा त्याच आंब्याखाली येऊन उभा राहतो. आपल्याकडे याला ‘चकवा लागला’ म्हणतात आणि त्याचा दोष वाटसरूला फिरवणाऱ्या भुतावर ढकलतात. त्यातलं भूत खोटं आहे, पण निरीक्षण अगदी खरं आहे. खुणा नसल्या की माणूस खरोखरच गोल फिरतो, आणि फिरतोय हे त्याला कळत नाही.

हे मोजून दाखवलं ते जर्मनीत ट्युबिंगेनच्या माक्स प्लांक संस्थेतल्या यान सौमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. त्यांचं काम 2009 साली प्रसिद्ध झालं. त्यांनी सहा जणांना बीनवाल्ड नावाच्या सपाट, दाट जंगलात सोडलं, अंगावर जीपीएस दिलं आणि सांगितलं, काही तास सरळ एका दिशेला चालत राहा. चौघं चालले तेव्हा आभाळ भरून आलेलं होतं. त्या चौघांच्याही वाटा गोल वळल्या आणि तिघांनी स्वतःचीच वाट पुन्हा पुन्हा ओलांडली, तेही नकळत. उरलेले दोघं सूर्य दिसत असताना चालले आणि जवळजवळ सरळ गेले. त्यांची वाट भरकटली ती फक्त सुरुवातीच्या पंधरा मिनिटांत, सूर्य ढगाआड होता तेव्हा. ट्युनिशियातल्या सहारा वाळवंटात एक जण पौर्णिमेच्या चांदण्यात चालत होता. चंद्र दिसत होता तोवर वाट ठीक होती. चंद्र झाकला गेल्यावर त्याने काही तीव्र वळणं घेतली आणि तो आल्या दिशेकडेच परत निघाला.

जंगलातल्या त्या चौघांचे डोळे उघडे होते, भोवती झाडं स्पष्ट दिसत होती. म्हणजे नुसतं दिसणं पुरत नाही. जवळचं झाड ‘मी आत्ता वळतोय का’ एवढंच सांगतं. दहा मिनिटांपूर्वी तोंड कुठे होतं, हे सांगायला दूरची, न हलणारी खूण लागते.

यावरचं जुनं आणि लोकप्रिय स्पष्टीकरण पायांचं आहे: एक पाय किंचित लांब किंवा जास्त ताकदवान, म्हणून माणूस एका बाजूला वळतो. हिशेब केला तर ते पटण्यासारखं वाटतं. दोन पावलांच्या रेषांमध्ये साधारण 10 सेंटीमीटर अंतर असतं आणि डावं-उजवं मिळून एका जोडीत आपण सुमारे 1.4 मीटर पुढे जातो. 100 मीटर व्यासाच्या वर्तुळात फिरायला बाहेरचा पाय दर जोडीमागे आतल्यापेक्षा फक्त 3 मिलिमीटर जास्त पुढे पडला की पुरे. इतका फरक कोणाच्या पायात नसेल?

पण कारण पाय असतील, तर तो माणूस दर वेळी एकाच बाजूला वळायला हवा. सौमान यांच्या गटाने 15 जणांना डोळे बांधून मोकळ्या मैदानात 50 मिनिटं चालवलं. बहुतेकांच्या वाटेत डावी वळणंही होती आणि उजवीही. एकाच बाजूचा ठाम कल फक्त तिघांत दिसला. काही वर्तुळांचा व्यास तर 20 मीटरपेक्षाही कमी होता. पायांच्या लांबीत मधूनच बदल होत नाही. म्हणजे जे बदलतं ते दुसरीकडे कुठेतरी आहे.

ते आहे ‘सरळ’ या जाणिवेत. सायकलचं उदाहरण घ्या. हँडल नीट मधोमध असेल तर सायकल सरळ जाते. हँडल जरासं वाकडं बसवलं आणि तेच मधोमध आहे असं समजून धरून ठेवलं, तर सायकल मोठं वर्तुळ काढते. मेंदूतही असंच एक मधोमध असतं. कानातली तोल सांभाळणारी इंद्रियं, पावलांचे तळवे, घोट्याचे आणि मानेचे स्नायू यांच्या संदेशांतून ते ठरतं. हे संदेश अचूक नसतात. प्रत्येक पावलाला मधोमध केसभर सरकतं, कधी डावीकडे, कधी उजवीकडे.

मग या चुका एकमेकींना रद्द का करत नाहीत? नाणं शंभर वेळा उडवा. छापा पडला की एक पाऊल डावीकडे, काटा पडला की उजवीकडे जा. शेवटी तुम्ही बरोबर मध्यावर क्वचितच सापडाल. सरासरी आठेक पावलं एका बाजूला गेलेले असाल, आणि नाणं जितकं जास्त वेळा उडवाल तितकं हे अंतर वाढत जाईल. मेंदूतलं मधोमध याच रीतीने सरकत जातं. ते खऱ्या मधोमधाजवळ असेल तोवर वाट नागमोडी होते. बरंच लांब सरकलं की हँडल वाकडंच राहतं आणि माणूस वर्तुळात शिरतो. काही वेळाने ते दुसऱ्या बाजूला सरकतं, तेव्हा वर्तुळही उलटं फिरतं. डावी-उजवी दोन्ही वळणं का दिसली, याचा उलगडा इथे होतो.

हे मधोमध खरोखर सरकवता येतं, हे 1990 च्या दशकातल्या एका वेगळ्या प्रयोगमालिकेत दिसलं होतं. माणसाला फिरत्या तबकडीवर, तोंड एकाच दिशेला ठेवून, बराच वेळ जागच्या जागी पावलं टाकायला लावली. नंतर डोळे बांधून त्याला स्थिर जमिनीवर तेच करायला सांगितलं. तो गोल फिरू लागला, आणि आपलं तोंड एकाच दिशेला आहे, आपण वळत नाही, अशी त्याची खात्री होती.

कान ही चूक का पकडत नाही? आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नळ्यांत द्रव असतो. डोकं वळू लागलं की द्रव मागे राहतो आणि एक मऊ पडदा वाकवतो. पण वळणं एकाच गतीने चालू राहिलं, की द्रवही नळीबरोबर फिरू लागतो आणि पडदा काही सेकंदांत पूर्ववत होतो. म्हणून कानाला गतीतला बदल चांगला कळतो, सावकाश आणि सतत चाललेलं वळण नाही. 100 मीटर व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 314 मीटर. सेकंदाला 1.2 मीटर चालीने त्याला सव्वाचार मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम दीड अंश वळण. तेही हळूहळू वाढत आलेलं. ढगात शिरलेला वैमानिक उपकरणांकडे न पाहता गोल गोल खाली येतो, तो याच कारणाने.

म्हणून धुक्यात ‘मला दिशेची चांगली जाण आहे’ या भरवशावर चालू नये. मधोमध पुन्हा जागेवर आणायला बाहेरची खूणच लागते. समोर एका रेषेत येणारी दोन झाडं किंवा दगड निवडा. पहिल्यापाशी पोचण्याआधीच दुसऱ्याच्या पलीकडचं तिसरं त्याच रेषेत हेरून ठेवा. एकच खूण धरून ती गाठली, की पुढची दिशा पुन्हा अंदाजाने ठरते आणि चूक तिथेच शिरते. तिघं असाल तर एकामागे एक, दिसतील इतक्या अंतराने चाला. सर्वांत मागच्याला पुढचे दोघं एका रेषेत दिसले पाहिजेत, आणि वळा-थांबा त्यानेच सांगायचं. होकायंत्र असेल तर ते दर पन्नासेक पावलांनी बघा. फोनमधलं वापरत असाल तर चुंबक असलेलं कव्हर आधी काढा.

सूर्य उपयोगी आहे, पण तो तासाला सरासरी 15 अंश सरकतो. मे महिन्यात महाराष्ट्रात भर दुपारी तो जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा त्यावरून दिशा कळत नाही. रात्री ध्रुवतारा जवळजवळ हलत नाही. पुण्याहून तो उत्तर क्षितिजापासून साधारण साडेअठरा अंशांवर, म्हणजे हात लांब करून एकावर एक धरलेल्या दोन मुठींच्या किंचित खाली दिसतो.

यांपैकी काहीच दिसत नसेल, तर जुनी माणसं सांगतात तेच बरोबर आहे: चकवा लागला की उजाडेपर्यंत जागीच बसावं. या संशोधकांच्या अंदाजाप्रमाणे खुणेशिवाय माणूस कितीही चालला तरी सुरुवातीच्या जागेपासून सहसा शंभरेक मीटरच्या पलीकडे जात नाही. म्हणजे चालून गाव गाठण्याची शक्यता फारच कमी. आणि हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारख्या ठिकाणी, पावसाळी धुक्यात, शंभर मीटरच्या आत कडा असू शकतो.