बुडत्यासाठी उडी घेणारा नीतीच्या गणितात का बसत नाही?

मे महिना आला की किनाऱ्यावरून एक बातमी हमखास येते. गणपतीपुळे, काशीद, गुहागर, तारकर्ली, गाव बदलतं, मजकूर तोच. पर्यटक पाण्यात खेचला गेला, किनाऱ्यावरच्या एका मच्छीमाराने उडी घेतली, पर्यटक वाचला. पत्रकार त्या माणसासमोर माईक धरतात, आणि तो म्हणतो, "त्यात काय मोठं? डोळ्यासमोर पोर बुडतंय म्हटल्यावर उडी घ्यायलाच लागते. माझं कर्तव्यच होतं ते."

मथळ्यात मात्र तो 'देवदूत' असतो. या दोन विधानांचं आपसात जमत नाही. खरंच कर्तव्य असेल, तर किनाऱ्यावर उभ्या असलेल्या बाकी चाळीस जणांनी कर्तव्य चुकवलं, त्यांची नावं का छापत नाहीत? आणि कर्तव्य नसेल, तर तो माणूस स्वतःबद्दल चुकीचं बोलतोय का?

नीतिशास्त्रात या प्रश्नाला नीट तोंड फोडलं जे. ओ. उर्मसन या ब्रिटिश तत्त्वज्ञाने, १९५८ सालच्या एका निबंधात. त्याचं म्हणणं असं की नीतीच्या पुस्तकांत कृतींचे तीनच खण असतात: करायलाच हवी ती, करू नये ती आणि केली काय न केली काय, दोन्ही चालेल अशी. सोबत्यांना वाचवण्यासाठी हातबाँबवर अंग झोकून देणारा सैनिक यांतल्या कुठल्या खणात ठेवायचा? पहिल्यात ठेवावं, तर झोकून न देणारे बाकीचे सैनिक दोषी ठरतात, आणि तसं कोणी म्हणत नाही. तिसऱ्यात ठेवावं, तर त्याची कृती आणि डाव्याऐवजी उजव्या पायात आधी बूट घालणं एका पंक्तीला बसतं. म्हणून चौथा खण हवा, कर्तव्याच्या पलीकडच्या कृतींचा. त्याला आपण कर्तव्यातीत कृती म्हणू.

'माझं कर्तव्यच होतं' हे वाक्यही उर्मसनच्या नजरेतून सुटलेलं नाही. असं वाक्य फक्त त्या माणसालाच स्वतःबद्दल म्हणता येतं, असं तो दाखवतो. "जा, उडी मार, तुझं कर्तव्य आहे," असं काठावरून दुसरा कोणी सांगू शकत नाही, आणि उडी घेतली नाही म्हणून त्याला जाबही विचारू शकत नाही. जाब विचारता येतो का, ही कर्तव्य ओळखायची साधी खूण.

इथे एक गोष्ट बाजूला काढून ठेवतो. पगारी जीवरक्षकाचं आणि तटरक्षक दलाचं गणित वेगळं आहे. 'वयं रक्षामः' हे ब्रीद घेऊन गणवेश चढवला की बराचसा धोका कर्तव्यातच मोडतो. जहाजाच्या कप्तानाचंही तसंच. १९१० च्या ब्रुसेल्स करारापासून समुद्री कायदा सांगत आला आहे की बुडणाऱ्याला मदत करणं कप्तानावर बंधनकारक आहे, तो बुडणारा शत्रू असला तरी. पण त्याच वाक्यात अट आहे: स्वतःच्या जहाजाला, खलाशांना आणि प्रवाशांना गंभीर धोका न पत्करता जमेल तेवढीच. कर्तव्याची सीमा कायद्याने आखली ती नेमकी धोक्यापाशी. आपला मच्छीमार त्या सीमेच्या पुढे जातो.

पुढे म्हणजे किती, हे कळायला पाण्याबद्दल थोडं. "या जागी समुद्र दरवर्षी एक बळी घेतोच" असं पुष्कळ गावांत ऐकू येतं. समुद्राला बळीबिळी काही नको असतो. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधातल्या खिंडारातून अरुंद, जोरकस प्रवाहाने आत जातं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला नेमकी तीच जागा शांत वाटते. बांध आणि खिंडार महिनोन्‌महिने साधारण तिथेच राहिलं की माणसंही तिथेच बुडतात, एवढंच. वाचवायला गेलेलाही याच प्रवाहात शिरतो, वर घाबरलेला माणूस त्याच्या गळ्याला मिठी मारतो. वाचवणाराच बुडाल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात.

आता गणित. उपयुक्ततावाद हा नीतीचा सिद्धांत सांगतो: उपलब्ध पर्यायांपैकी ज्यातून सगळ्यांचं मिळून सर्वाधिक भलं होईल तोच योग्य, बाकी सगळे अयोग्य. कोणाचंही भलं दुसऱ्याच्या भल्यापेक्षा जास्त मोलाचं नाही, स्वतःचंही नाही. ऐकायला किती न्याय्य! आता समजा, एकसारखे शंभर प्रसंग आहेत. दर वेळी एक पोर बुडतंय आणि काठावर एक पोहणारा आहे. आकडे मी कल्पनेतले घेतोय, हिशेब दिसावा म्हणून.

पहिल्या प्रकारात, पोहणारे गेले तर शंभरातली ५० पोरं वाचतात आणि २० पोहणारे मरतात. बेरीज ३० जिवांनी फायद्यात. म्हणजे जायलाच हवं, घरी मुलंबाळं असलेला मच्छीमार काठावर थांबला तर तो गुन्हेगार. दुसऱ्या प्रकारात समुद्र जास्त खवळलेला आहे: २० पोरं वाचतात, ४० पोहणारे मरतात. बेरीज तोट्यात. म्हणजे जाणं अयोग्य, जीव धोक्यात घालून गेलेला माणूस चुकला. तिसरा प्रकार काट्याच्या तोलाचा: ३० वाचले, ३० मेले. इथे दोन्ही चालेल, पण दोन्ही सारखंच, त्यामुळे जाणाऱ्याचं कौतुक करायला कारण उरत नाही.

पुन्हा एकदा पाहा. समुद्र शांत असो वा खवळलेला, या सिद्धांतात उडी घेणारा एक तर नुसता कर्तव्यपालक ठरतो, नाही तर चुकलेला, नाही तर बूट घालणारा. 'करणं फार मोठं, पण न करणं दोष नाही' अशी जागाच सापडत नाही. दोष आकड्यांत नाही. सर्वोत्तम असेल तेच कर्तव्य, ही व्याख्याच चौथा खण गिळून टाकते.

जर्मन तत्त्वज्ञ कान्टकडे तरी जागा असेल, असं वाटतं, कारण तो बेरजा मांडत नाही. पण १७८८ च्या ग्रंथात त्याने नेमकं फुटलेल्या जहाजातून लोकांना वाचवताना जीव गमावणाऱ्याचंच उदाहरण घेतलं आहे, आणि तो म्हणतो की अशा माणसाबद्दलचा आपला आदर बराच उणावतो, कारण त्यात स्वतःविषयीच्या कर्तव्याला धक्का लागलेला दिसतो. कान्टला उदात्त साहसांच्या गोष्टींचं वावडंच होतं. माणसं त्यांवर भाळतात आणि रोजची देणी विसरतात, अशी त्याची तक्रार. आजची तीस सेकंदांची, मागे संगीत लावलेली 'रियल हिरो' चित्रफीत पाहिली की म्हातारा अगदीच चुकला नव्हता असं मलाही वाटतं.

उपयुक्ततावादाची दुरुस्ती सॅम्युअल शेफलर या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९८२ मध्ये सुचवली. प्रत्येकाला स्वतःचं हित काही पटींनी वाढवून मोजायची मुभा द्या. समजा तीनपट. पहिल्या प्रकारातले २० मृत्यू आता पोहणाऱ्याच्या बाजूने ६० मोजले जातात, ५० पेक्षा जास्त. म्हणजे थांबलं तरी चालेल. पण ही सक्ती नाही, मुभा आहे. ती न वापरता जो उडी घेतो तो जास्त भलं करतो. हाच आपला चौथा खण. मात्र दुसऱ्या प्रकारात, २० वाचणार आणि ४० मरणार तिथे, जाणारा अजूनही चुकीचाच. कारण मुभा स्वतःला जास्त मोजायची आहे, कमी मोजायची नाही. तीही द्यावी लागेल. स्वतःचा जीव एक तृतीयांश धरला तर ४० चे साधारण १३ होतात, २० पेक्षा कमी, आणि जाणं चालतं.

दोन मुभा दिल्या, काम झालं असं वाटतं ना? इथेच माझं सगळ्यात आवडतं कोडं सुरू होतं. २०१७ मध्ये जो हॉर्टन या तत्त्वज्ञाने ते मांडलं. त्याच्या उदाहरणात कोसळणारी इमारत आणि दोन मुलं आहेत. मी ते आपल्या किनाऱ्यावर आणतो.

एका बोयाला दोन पोरं लटकली आहेत. बोया मोठा आहे आणि दोरीने ओढता येतो. पोहणारा त्यांच्यापर्यंत गेला तर दोघांना एकदम आणू शकतो, जास्तीचा धोका शून्य. पर्याय तीन. काठावर थांबणं: धोका मोठा, म्हणून चालेल. दोघांना आणणं: फार मोठं काम. आणि तिसरा, तिथवर जाऊन एकाला घेऊन येणं, दुसऱ्याला सोडून देणं, उगाचच. हा तिसरा पर्याय उघड चुकीचा. काही जास्त किंमत न मोजता वाचणारं पोर त्याने मरू दिलं.

आता ही तिन्ही उत्तरं शेजारी ठेवा. थांबणं चालतं, दोघांना आणणं चालतं, एकाला आणणं चालत नाही. मग ज्याच्या मनात दोघांना आणायचं नाहीच आहे, त्याला नीती काय सांगते? उरलेल्या दोनांतला न चुकणारा पर्याय घे. म्हणजे एकाला वाचवण्यापेक्षा काठावर थांब! एक पोर वाचण्याऐवजी दोन्ही मेलेली बरी, हा सल्ला कुठल्याही शहाण्या माणसाला पटणार नाही. पण तिन्ही उत्तरं वेगवेगळी घेतली तर खोडता येत नाहीत.

हॉर्टनचं उत्तर असं: काठावर थांबायची परवानगी बिनशर्त नाही. ती मिळते तुम्ही तेवढा धोका पत्करायला तयार नसाल तर. एकाला आणण्याइतका धोका जो घ्यायला तयार आहे, त्याच्यावर दोघांना आणणं बंधनकारकच होतं. त्याला थांबायचा पर्याय उरत नाही, त्यामुळे तो भलता सल्लाही उरत नाही.

हे पाण्यापुरतं नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळूणला मदत पाठवायची का, हा प्रश्न अनेक घरांत निघाला असेल. समजा, कोणाला पाच हजार खर्च करायचे आहेत. जुने कपडे धुऊन, बांधून टेम्पोने पाठवण्यात तेवढेच जातात आणि चिखल काढायचे पंप भाड्याने देण्यात तेवढेच, पण पंपांनी दहा घरं लवकर कोरडी होतात. हॉर्टनच्या हिशेबाने, न देणारा एक वेळ सुटतो, पण द्यायला निघालेल्याने पंपच द्यायला हवेत.

माझी शंका इथेच आहे. या उत्तरात बंधन कोणावर पडतं? ज्याचं मन तयार आहे त्याच्यावर. खिसा घट्ट धरून बसलेल्याला नीती काही विचारत नाही, आणि हात पुढे करणाऱ्याला हिशेब मागते. हॉर्टनच्या बाजूने म्हणता येईल की घट्ट खिसेवाल्याबद्दल आपलं मत वाईट असू शकतं, फक्त त्या कृतीला 'चूक' म्हणत नाही. माणसाची पारख आणि कृतीची पारख या दोन गोष्टी आहेत. मला ते अर्धंच पटतं. तयारी ही काही उंचीसारखी ठरलेली वस्तू नसते. बोयापर्यंत पोहोचल्यावर हातपाय गळालेल्या पोहणाऱ्याची तयारी कुठल्या क्षणाची धरायची, काठावरची की पाण्यातली? काठावरची धरली तर एक पोर घेऊन धापा टाकत परत आलेला माणूस दोषी ठरतो, आणि पाण्यातली धरली तर मधेच भ्यायलेल्या प्रत्येकाला सूट मिळते.