ऑस्ट्रेलियाच्या मेडिकलमध्ये हिपॅटायटिस बी पॉझिटिव्ह: नर्सेससाठी पुढची प्रक्रिया

ऑस्ट्रेलियाला निघालेल्या नर्सच्या कागदपत्रांत सगळं जुळून येतं, नोंदणी होते, नोकरीचं पत्र हातात येतं आणि मग मेडिकलच्या क्लिनिकमधून फोन येतो: "मॅडम, एचबीएसएजी रिअ‍ॅक्टिव्ह आलंय, परत यावं लागेल." पुढच्या आठवडाभरात झोप उडते आणि नेमक्या त्याच काळात चुका होतात. कोणी घाईने गावातल्या लॅबमधून दुसरा रिपोर्ट काढतं, कोणी कावीळ उतरवणाऱ्याकडे जातं, कोणी व्हिसाचा अर्जच मागे घेतं. त्या आठवड्यात काय करायचं आणि काय नाही, हे इथे सविस्तर सांगतो.

ही चाचणी कोणाला लागते हे आधी पाहू. ऑस्ट्रेलिया प्रत्येक अर्जदाराची हिपॅटायटिस बी तपासणी करत नाही. डॉक्टर, दंतवैद्य, नर्स, पॅरामेडिक म्हणून काम करणार किंवा त्याचं शिक्षण घेणार असाल, गरोदर असून बाळंतपण तिथेच होणार असेल, किंवा दत्तक जाणारं मूल असेल, तर ती लागते. याशिवाय तपासणाऱ्या डॉक्टरला गरज वाटली तर तो ती वाढवू शकतो. त्यामुळे नर्स बायकोची चाचणी झाली आणि इंजिनिअर नवऱ्याची झाली नाही, यात कोणाची चूक नसते.

तपासणी ऑस्ट्रेलियाच्या गृह विभागाने नेमलेल्या पॅनेल क्लिनिकमध्येच होते. इमी अकाउंटमधून हॅप आयडीचं पत्र काढायचं, अपॉइंटमेंट घ्यायची आणि पासपोर्ट, ते पत्र, चष्मा आणि जुने वैद्यकीय कागद घेऊन जायचं. जुने कागद बहुतेक जण घरी ठेवतात, ही मोठी चूक आहे. लसीकरणाचं कार्ड, रक्तदानाच्या वेळी आलेला एखादा रिपोर्ट, मागच्या बाळंतपणातली तपासणी, हे सगळं पुढे उपयोगी पडतं. रक्त क्लिनिकमध्ये ओळख पटवून घेतलं जातं आणि निकाल ई-मेडिकल या यंत्रणेतून थेट ऑस्ट्रेलियाला जातो. म्हणून बाहेरच्या लॅबचा "निगेटिव्ह" रिपोर्ट नेऊन दाखवला तरी त्या निकालाची जागा तो घेऊ शकत नाही.

पॉझिटिव्ह निकाल आला की क्लिनिक तुमच्या फाइलला साधारणपणे बी दर्जा देतं. त्याचा अर्थ एवढाच की काहीतरी नोंद घेण्याजोगं सापडलं आहे. बी दर्जा म्हणजे नकार नव्हे. व्हिसा द्यायचा की नाही हे पॅनेल डॉक्टर ठरवत नाहीत. आरोग्याबद्दलचं मत ऑस्ट्रेलियाचे वैद्यकीय अधिकारी देतात आणि त्यासाठी त्यांना अधिक माहिती हवी असते.

आधी रिपोर्ट नीट वाचा

रिपोर्टवर दोन नावं सारखीच दिसतात. एचबीएसएजी हा विषाणूच्या बाह्य आवरणाचा भाग आहे. अँटी-एचबीएस ही शरीराने त्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडं. लस घेतलेल्या नर्सची अँटी-एचबीएस पॉझिटिव्ह असणं हे अगदी हवं तसं आहे. फोनवरचा अर्धवट निरोप ऐकून हादरलेल्या माणसाने पहिल्यांदा नेमकी कोणती चाचणी पॉझिटिव्ह आहे ते छापील रिपोर्टवर पाहावं.

दुसरी गोष्ट नर्सेसच्या बाबतीत फार घडते. परदेशी जायचं म्हणून रुग्णालयात हिपॅटायटिस बीचा बूस्टर घेतला जातो आणि दोन आठवड्यांच्या आत मेडिकल ठरतं. या लशीत एचबीएसएजीच असतं. ते काही दिवस रक्तात सापडू शकतं. लशीनंतर साधारण अठरा दिवसांपर्यंत अशी नोंद झालेली आहे. म्हणून मेडिकलच्या आधीच्या महिन्यात लस घेतली असेल तर तारखेसह कार्ड पॅनेल डॉक्टरला दाखवा आणि शेवटच्या डोसनंतर चार आठवड्यांनी पुन्हा तपासणी मागा. विभागाने दिलेली मुदत, जी बहुधा २८ दिवसांची असते, अपुरी पडत असेल तर इमी अकाउंटमधून लेखी मुदतवाढ मागता येते. मुदत संपेपर्यंत थांबू नका.

लस घेतलेली नसेल आणि यंत्रावरचा आकडा १ च्या मर्यादेच्या जेमतेम वर असेल, तरी खात्री हवी. लॅब न्यूट्रलायझेशन चाचणी करते: नमुन्यात प्रतिपिंड घातल्यावर प्रतिक्रिया विझली, तर एचबीएसएजी खरंच आहे. यासोबत अँटी-एचबीसी टोटल ही चाचणी सर्वात बोलकी आहे. लशीमुळे ती कधीच पॉझिटिव्ह होत नाही, फक्त खऱ्या संसर्गाने होते. याउलट गावातल्या लॅबची कार्ड टेस्ट निगेटिव्ह आली म्हणून खुश होऊ नका. कमी प्रमाणातलं एचबीएसएजी तिला चुकू शकतं.

एक उदाहरण, आकड्यांसकट

समजा, मिरजेची २९ वर्षांची स्टाफ नर्स, ऑपरेशन थिएटरमध्ये चार वर्षं काम केलेली. मेडिकलच्या नऊ दिवस आधी तिने बूस्टर घेतला होता. एचबीएसएजी पॉझिटिव्ह. चार आठवड्यांनी पुन्हा तपासलं, पुन्हा पॉझिटिव्ह. अँटी-एचबीसी टोटल पॉझिटिव्ह, आयजीएम निगेटिव्ह. म्हणजे लशीचा दोष नाही आणि संसर्ग ताजाही दिसत नाही. बहुधा लहानपणापासूनचा आहे. तिच्या वयाचा विचार करता हे साहजिक आहे, कारण सरकारी लसीकरणात हिपॅटायटिस बीची लस देशभर २०११ मध्ये पोचली. शास्त्राप्रमाणे सहा महिन्यांहून जास्त काळ एचबीएसएजी राहिलं तर संसर्ग दीर्घकालीन समजतात. पण जुना पॉझिटिव्ह रिपोर्ट सापडला तर सहा महिने थांबायची गरज पडत नाही. म्हणून कपाटातली ती फाइल महत्त्वाची.

आता गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिस्ट किंवा यकृततज्ज्ञाकडे जायचं. तिचे आकडे असे येतात: एचबीईएजी निगेटिव्ह, एचबीव्ही डीएनए ६४० आययू प्रति मिली, एएलटी १७, प्लेटलेट २.४ लाख, सोनोग्राफी साधारण, फायब्रोस्कॅन ४.८ किलोपास्कल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार, डीएनए २,००० च्या वर आणि एएलटी वाढलेलं असेल, किंवा यकृत कडक झाल्याची चिन्हं असतील, तर औषधाचा विचार होतो. स्त्रियांसाठी एएलटीची वरची मर्यादा १९ धरली आहे, पुरुषांसाठी ३०. यकृतापुरतं पाहिलं तर तिला आज औषधाची गरज नाही, ठराविक काळाने तपासणी पुरेशी आहे.

तपासणीआधी एक काळजी घ्या. त्या काळात काढे, 'लिव्हर टॉनिक', वजन कमी करण्याच्या गोळ्या आणि दारू बंद ठेवा. यांतल्या काहींनी एएलटी वाढतं आणि मग तज्ज्ञाला कारण शोधत बसावं लागतं. आधीपासून टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर चालू असेल तर रिपोर्ट 'स्वच्छ' यावा म्हणून ते थांबवू नका. औषध अचानक बंद केल्याने यकृताला जोरदार सूज येऊ शकते, आणि एचबीएसएजी त्याने निगेटिव्ह होतच नाही. खर्चाची अडचण असेल तर २८ जुलै २०१८ पासून सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमाखाली सरकारी उपचार केंद्रांत तपासणी आणि औषधं मोफत मिळतात. जिल्हा रुग्णालयात चौकशी करा.

तज्ज्ञाचं पत्र लेटरहेडवर, इंग्रजीत, सही-शिक्का आणि तारखेसह घ्या. त्यात हे असावं:

- निदान आणि ते केव्हापासून माहीत आहे
- डीएनए, एएलटी आणि फायब्रोस्कॅनचे आकडे तारखांसह
- सिरोसिस किंवा गाठ नाही, हे स्पष्ट वाक्यात
- औषध लागतं का, आणि पुढची तपासणी किती महिन्यांनी

"रुग्ण फिट आहे" एवढ्या एका ओळीने काम होत नाही. ऑस्ट्रेलियाचा अधिकारी तुमच्या आजाराचा पुढचा खर्च मोजतो आणि त्याला आकडे लागतात. १ जुलै २०२४ पासून खर्चाची मर्यादा ८६,००० ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. फक्त देखरेख किंवा रोजची एक गोळी लागणारा हिपॅटायटिस बी सहसा त्या आसपास जात नाही. सिरोसिस, यकृताचा कर्करोग किंवा प्रत्यारोपणाची शक्यता असेल तर चित्र बदलतं. मत विरुद्ध गेलं तर निर्णयाआधी उत्तर द्यायची संधी पत्राने दिली जाते. तेव्हा व्हिसाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो: मालकाने प्रायोजित केलेल्या ४८२ मध्ये आरोग्याच्या अटीतून सवलतीची तरतूद आहे, १८९ आणि १९० मध्ये नाही. शिवाय त्या दोन्हींत कुटुंबातला एक जण अडला तर सगळ्यांचा अर्ज अडतो. अशा वेळी नोंदणीकृत मायग्रेशन एजंटला पैसे देणं योग्य. साध्या प्रकरणात माझ्या मते त्याची गरज नाही.

आमच्या उदाहरणातल्या नर्सला बहुधा फॉर्म ८१५ येईल. हे आरोग्यविषयक हमीपत्र आहे. सही करून अपलोड करायचं, आणि ऑस्ट्रेलियात उतरल्यावर २८ दिवसांच्या आत हमीपत्राच्या सेवेशी संपर्क साधायचा. ते तिथल्या दवाखान्याची वेळ ठरवून देतात आणि त्या वेळेला जावं लागतं. रिपोर्ट आणि तज्ज्ञाचं पत्र हातातल्या बॅगेत ठेवा.

व्हिसा मिळाला, पण थिएटरचं काय?

हा प्रश्न बहुतेक जणी उशिरा विचारतात. ऑस्ट्रेलियात ज्या प्रक्रियेत हात रुग्णाच्या शरीराच्या आत, नजरेआड, धारदार उपकरणाजवळ असतात, तिथे वेगळे नियम लागतात. हिपॅटायटिस बी असलेल्या कर्मचाऱ्याचा डीएनए २०० आययू प्रति मिली किंवा कमी असेल आणि देखरेख चालू असेल, तरच अशी कामं करता येतात. इंजेक्शन देणं, रक्त काढणं, सलाईन लावणं हे त्यात येत नाही, त्यामुळे वॉर्डातल्या कामाला अडचण नाही.

आपल्या नर्सचा आकडा ६४० आहे. यकृतासाठी औषध नको असलं तरी काही शस्त्रक्रियांत स्क्रबचं काम करायचं असेल तर आकडा २०० च्या खाली आणावा लागेल, आणि त्यासाठी औषध घेता येतं. मात्र ते एकदा सुरू केलं की वर्षानुवर्षं चालतं. म्हणून नोकरीच्या पत्रात नेमका कोणता विभाग आहे ते पाहून, निघण्याआधीच तज्ज्ञाशी या प्रश्नावर वेगळं बोलावं. वॉर्ड चालणार असेल तर औषध टाळता येईल. थिएटरच हवं असेल तर गोळी सुरू करून काही महिन्यांनी डीएनए पुन्हा मोजावा.

घरच्यांची तपासणी मात्र याच आठवड्यात करा. नवरा, मुलं, भावंडं आणि आई यांचं एचबीएसएजी, अँटी-एचबीएस आणि अँटी-एचबीसी पाहा. आईचं विशेषतः, कारण लहानपणीचा संसर्ग बऱ्याचदा बाळंतपणाच्या वेळी होतो आणि तिला स्वतःला ते माहीत नसतं. ज्यांची या तीनपैकी एकही चाचणी पॉझिटिव्ह नाही त्यांना लस सुरू करा: आज, एक महिन्याने आणि सहा महिन्यांनी. तुमचं विमान त्याआधीच सुटणार असेल तर तिसऱ्या डोसची तारीख घरच्या कॅलेंडरवर लिहून जा.